गोळी घेणाऱ्या स्त्रिया कोण होत्या?

२४ ऑक्टोबर १९८५ रोजी निघालेल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या अंकात लागोपाठ दोन शोधनिबंध छापून आले. दोन्हींचा प्रश्न एकच होता: पाळी गेल्यावर ज्या स्त्रिया इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गोळ्या घेतात, त्यांच्या हृदयाचं काय होतं? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८पासून चाललेल्या अभ्यासातल्या १,२३४ स्त्रियांची माहिती सांगत होती की, या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार निम्म्याहून अधिक वाढलेले दिसतात. पुढच्याच निबंधात हार्वर्डच्या संशोधकांनी ३२,३१७ परिचारिकांची माहिती मांडली होती. तिच्यात त्या घडीला गोळ्या घेत असलेल्या स्त्रियांना हृदयविकार होण्याचं प्रमाण, कधीच न घेतलेल्यांपेक्षा सत्तर टक्क्यांनी कमी निघालं होतं.

पुढची सतरा वर्षं वैद्यकशास्त्र परिचारिकांच्या बाजूने झुकलं. त्यामागे सबळ कारणं होती. पाळी चालू असेपर्यंत स्त्रियांना हृदयविकाराचा झटका पुरुषांच्या मानाने क्वचित येतो आणि पाळी गेल्यावर तो धोका वाढत जातो, हे डॉक्टर रोज पाहत होते. पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं. गोळीतून ते पुन्हा दिलं तर ‘वाईट’ कोलेस्टेरॉल उतरतं आणि ‘चांगलं’ वाढतं, हेही रक्ततपासणीत दिसत होतं. गर्भार घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी अमेरिकेत १९४२पासून मिळत होती आणि अंगातून गरम वाफा येणं, रात्री घामाने जाग येणं या त्रासावर ती चांगली लागू पडत होती. १९७५च्या सुमारास नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे लक्षात आलं, तेव्हा गर्भाशय असलेल्या स्त्रियांना सोबत प्रोजेस्टिन हे दुसरं संप्रेरक देऊ लागले. १९९१मध्ये परिचारिकांच्या अभ्यासाचा दहा वर्षांचा आढावा आला. ४८,४७० स्त्रियांमध्ये गोळ्या घेणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका न घेणाऱ्यांच्या ०.५६ पट, म्हणजे ४४ टक्क्यांनी कमी होता. आता ज्यांना वाफांचा काही त्रास नाही अशा स्त्रियांनाही केवळ हृदयासाठी गोळी सुरू करून देणं शहाणपणाचं मानलं जाऊ लागलं.

या सगळ्या अभ्यासांमध्ये एक गोष्ट समान होती. कोणत्या स्त्रीने गोळी घ्यायची आणि कोणत्या स्त्रीने नाही, हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. ते आयुष्याच्या ओघात ठरलं होतं. संशोधक फक्त नोंद ठेवत होते. म्हणून अशा अभ्यासाला निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात. आणि म्हणूनच त्याला विचारायचा पहिला प्रश्न आकड्यांविषयीचा नसतो. गोळी घेणाऱ्या स्त्रिया मुळात कोण होत्या, हा तो प्रश्न असतो.

अमेरिकेत १९८०च्या दशकात एखाद्या स्त्रीच्या हाती ही गोळी कशी पोचत होती, याचा विचार करू. आधी तिला डॉक्टरकडे जावं लागे, तेही आजारी नसताना. त्यासाठी पैसा, विमा आणि वेळ हवा. स्वतःच्या तब्येतीविषयी वाचण्याची, विचारण्याची सवय हवी. डॉक्टरही हातचं राखून गोळी लिहीत: जिचा रक्तदाब चढलेला आहे, जिला मधुमेह आहे, जिला आधीच छातीत दुखतं, तिला टाळत. मग ती गोळी वर्षानुवर्षं रोज न चुकता घ्यायची. ही सगळी चाळणी पार करून जी स्त्री ‘गोळी घेणारी’ या रकान्यात पोचते, ती सरासरीने अधिक सुस्थितीतली, अधिक शिकलेली, कमी वजनाची, कमी धूम्रपान करणारी, जास्त चालणारी असते. आणि या प्रत्येक गोष्टीमुळे हृदयविकार कमी होतो, गोळी पोटात गेली नाही तरीही.

अशा तिसऱ्या घटकाला संशोधक कन्फाउंडर म्हणतात. त्याचा संबंध दोन्हीकडे असावा लागतो: गोळी घेण्याशी आणि हृदयविकाराशीही. केवळ हृदयविकाराशी असेल, तर तो दोन्ही गटांत सारखाच पसरलेला असेल आणि तुलना बिघडणार नाही. आणखी एक अट आहे. तो घटक गोळीचाच परिणाम नसावा. गोळीने कोलेस्टेरॉल सुधारत असेल, तर सुधारलेलं कोलेस्टेरॉल हा गोळीचा हृदयापर्यंत जाण्याचा मार्ग झाला. त्याला कन्फाउंडर समजून हिशेबातून वजा केलं तर औषधाचा खरा गुणही पुसला जाईल.

एवढ्या तिसऱ्या घटकाने आकडा कितीसा हलणार, अशी शंका येते. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, गोळीचा हृदयावर काहीही परिणाम होत नाही. तब्येतीला जपणाऱ्या शंभर स्त्रियांत ठरावीक काळात एकीला झटका येतो आणि न जपणाऱ्या शंभरांत तिघींना. आता गोळी घेणाऱ्या हजार स्त्रिया घेऊ. त्यांत ८०० जपणाऱ्या आणि २०० न जपणाऱ्या आहेत. झटके किती? जपणाऱ्यांत ८, न जपणाऱ्यांत ६, एकूण १४. गोळी न घेणाऱ्या हजारांत जपणाऱ्या ३०० आणि न जपणाऱ्या ७००. त्यांच्यात ३ आणि २१, एकूण २४. चौदा भागिले चोवीस म्हणजे ०.५८. पूर्णपणे निरुपयोगी गोळीने हृदयविकार ४२ टक्क्यांनी ‘कमी केला’, आणि हा आकडा १९९१च्या खऱ्या आकड्याला जवळपास चिकटलेला आहे. एकाही संशोधकाने खोटं लिहिलेलं नाही, एकही बेरीज चुकलेली नाही. गोळी आणि निरोगी हृदय यांचा सहसंबंध खरा आहे. गोळीमुळे हृदय निरोगी राहिलं, हे मात्र खरं नाही.

यावरचा उपाय या हिशेबातच आहे. जपणाऱ्यांची तुलना जपणाऱ्यांशी आणि न जपणाऱ्यांची न जपणाऱ्यांशी केली, की दोन्हीकडे फरक शून्य निघतो. हार्वर्डच्या गटाला हे पुरतं ठाऊक होतं. वय, धूम्रपान, वजन, रक्तदाब, मधुमेह, घरातला हृदयविकाराचा इतिहास अशा अनेक बाबींचा हिशेब करूनच त्यांनी ०.५६ हा आकडा दिला होता. शिवाय सगळ्या स्त्रिया एकाच पेशातल्या, म्हणजे शिक्षणाचा फरकही थोडा. अडचण अशी की, हिशेब फक्त त्या गोष्टींचा करता येतो ज्या प्रश्नावलीत विचारल्या गेल्या आणि ज्यांचं खरं, नेमकं उत्तर मिळालं. माणूस स्वतःला किती जपतो हे एका रकान्यात मावत नाही. ते त्याच्या जेवणात असतं, झोपेत असतं, दुखायला लागल्यावर किती दिवसांनी डॉक्टरकडे जातो यात असतं, नवऱ्याच्या पगारात आणि घराच्या वस्तीतही असतं. २००२मध्ये या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ज्यांनी आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात घेतली होती त्यांच्यात गोळीचा फायदा दिसेनासा झाला होता.

मोजलेलं नसलेलं काहीतरी आत दडलेलं आहे हे ओळखायचं कसं? या प्रकरणातला मला सर्वांत देखणा वाटणारा पुरावा १९८७मध्ये डायना पेटिटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीक इथल्या स्त्रियांच्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते, हे इतरांसारखंच त्यांनाही दिसलं. पण त्यांनी आणखी एक तुलना केली. अपघात, आत्महत्या आणि खून यांनी होणारे मृत्यूही गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कमी निघाले. इस्ट्रोजेनने कोलेस्टेरॉल सुधारेल, पण इस्ट्रोजेनची गोळी कुणाला खुनापासून वाचवत नाही. तो फरक या स्त्रियांच्या राहणीतून, परिस्थितीतून आलेला होता. आणि जी परिस्थिती खुनाचा धोका कमी करते, तीच हृदयविकाराचा धोकाही कमी करत असणार. औषधाशी ज्याचा संबंधच असू शकत नाही अशा एखाद्या गोष्टीवरही औषधाचा ‘परिणाम’ दिसला, तर दोन गट मुळात वेगळे आहेत असं समजावं, ही आजही संशोधनातली फार उपयोगी कसोटी आहे.

तिच्या जोडीला आणखी एक जुना धडा होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर अमेरिकेत क्लोफायब्रेट या औषधाचा प्रयोग झाला. त्याचं विश्लेषण १९८०मध्ये आलं. ज्यांनी औषध ८० टक्के किंवा अधिक नियमितपणे घेतलं त्यांच्यापैकी पाच वर्षांत १५ टक्के दगावले, ज्यांनी हयगय केली त्यांच्यापैकी २४.६ टक्के. औषध चांगलंच लागू पडलं, असं इथे कुणीही म्हणेल. पण दुसऱ्या गटाला दिलेली गोळी प्लासिबो होती, दिसायला तशीच पण औषध नसलेली. ती नियमित घेणाऱ्यांपैकी १५.१ टक्के दगावले आणि हयगय करणाऱ्यांपैकी २८.२ टक्के. औषध नसलेली गोळी मन लावून घेणाराही जास्त जगत होता! संशोधकांनी या रुग्णांच्या चाळीस वैशिष्ट्यांचा हिशेब करून पाहिला, तरी फरक थोडासाच कमी झाला, मिटला नाही. नियमितपणा हा माणसाचा गुण एकटा येत नाही, आणि त्याच्याबरोबर काय काय येतं ते चाळीस रकान्यांतही पकडता आलं नाही.

जे मोजता येत नाही, त्याचा समतोल साधण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे: कोणी गोळी घ्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. चिठ्ठीला कोण शिकलेलं, कोण श्रीमंत, कोण रोज फिरायला जातं हे ठाऊक नसतं. माणसं पुरेशी असली की, विचारलेल्या आणि न विचारलेल्या सगळ्याच गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. मग पुढे जो फरक पडेल त्याला गोळीखेरीज दुसरं स्पष्टीकरण फारसं उरत नाही. हे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या नावाने हाती घेतलं. त्याच्या एका भागात ५० ते ७९ वयाच्या, गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रिया चाळीस केंद्रांवर नोंदवल्या गेल्या. ८,५०६ जणींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची गोळी मिळाली, ८,१०२ जणींना प्लासिबो. कुणाला काय मिळालं ते ना त्यांना ठाऊक, ना त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना. सुरुवातीला दोन्ही गटांचं सरासरी वय ६३ होतं. रक्तदाब, वजन, धूम्रपानही जवळजवळ सारखं. चिठ्ठीने आपलं काम केलं होतं.

प्रयोग साडेआठ वर्षं चालायचा होता. सरासरी ५.२ वर्षांनी, मे २००२च्या अखेरीस, तो थांबवावा लागला. स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण आधी ठरवलेली धोक्याची रेषा ओलांडून गेलं होतं आणि एकंदर हिशेबात फायद्यापेक्षा नुकसान जास्त दिसत होतं. हृदयविकाराच्या घटना गोळीच्या गटात १६४ आणि प्लासिबोच्या गटात १२२ होत्या. धोका २९ टक्क्यांनी जास्त. निरीक्षणात ४४ टक्के कमी दिसणारी गोष्ट प्रयोगात उलट्या दिशेला गेली. १९९८मध्ये आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांवरच्या प्रयोगातही चार वर्षांत फायदा दिसला नव्हता आणि पहिल्या वर्षात तर घटना जवळपास दीडपट झाल्या होत्या. त्या इशाऱ्याला आता मोठ्या प्रयोगाचं पाठबळ मिळालं.

हे २९ टक्के वर्तमानपत्रांतून जगभर गेले आणि असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. म्हणून त्याचा दुसरा अर्थही सांगायला हवा. दहा हजार स्त्रियांनी वर्षभर प्लासिबो घेतला तर त्यांच्यापैकी ३० जणींना हृदयविकार होत होता, गोळी घेतली तर ३७ जणींना. म्हणजे वर्षाला दहा हजारांत सात जास्त. स्तनाच्या कर्करोगाचे आठ जास्त, पक्षाघाताचे आठ जास्त; मांडीचं हाड मोडण्याचे पाच कमी, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सहा कमी. गरम वाफांनी झोप उडालेल्या एका स्त्रीसाठी ही जोखीम पत्करण्यासारखी असू शकते. पण जिला काहीच त्रास नाही अशा लाखो निरोगी स्त्रियांना हृदय वाचेल म्हणून गोळी देणं, हे या आकड्यांपुढे टिकत नव्हतं.

मग निरीक्षणात्मक अभ्यास सगळे टाकाऊच म्हणायचे का? असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला; मला तो घाईचा वाटतो. धूम्रपानाने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे आपल्याला अशाच अभ्यासांतून कळलं. चिठ्ठ्या टाकून कुणाला वीस वर्षं सिगारेट ओढायला लावता येत नाही. तिथेही कन्फाउंडरचा आक्षेप आला होता, आणि तो घेणारे होते चिठ्ठीच्या प्रयोगांचे जनक रोनाल्ड फिशर. सिगारेटची ओढ आणि कर्करोग दोन्ही एकाच अनुवंशिक कारणातून येत असतील, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५९मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड यांनी साध्या गणिताने त्याला उत्तर दिलं. सिगारेट ओढणाऱ्यांना कर्करोग नऊ पट होत असेल आणि त्याचं सारं श्रेय एखाद्या छुप्या घटकाला द्यायचं असेल, तर तो घटक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊ पट जास्त आढळायला हवा. इतका प्रचंड फरक असलेलं काही असतं, तर ते नजरेतून सुटलं नसतं. आता वरच्या हिशेबाकडे पुन्हा पाहा. २४ला १४वर आणायला इतका जबर घटक लागला नाही; राहणीतल्या नेहमीच्या तफावतीने काम भागलं. धोका नऊ पट असणं आणि निम्म्यावर येणं, यांचा पुरावा म्हणून सारखाच मान ठेवता येत नाही.

या प्रकरणाचा पुढचा टप्पा फारसा बोलला जात नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत शिकण्याजोगा आहे. २००८मध्ये हार्वर्डच्याच मिगेल हर्नान आणि सहकाऱ्यांनी परिचारिकांची तीच जुनी माहिती पुन्हा उघडली, पण प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. आधीच्या विश्लेषणात ‘सध्या गोळी घेणाऱ्या’ स्त्रियांची तुलना कधीच न घेतलेल्यांशी होत असे. या ‘सध्या घेणाऱ्या’ बहुतेक जणी कित्येक वर्षं घेत आलेल्या होत्या. गोळीने काही बिघडायचं तर ते पहिल्या एकदोन वर्षांत जास्त बिघडतं. ज्यांचं तेव्हा बिघडलं, त्या या गटात पुढे उरल्याच नव्हत्या. त्यातून प्रश्नावली दर दोन वर्षांनी जाई. दोन प्रश्नावल्यांच्या मधल्या काळात एखादीने गोळी सुरू केली आणि तिला लगेच झटका आला, तर तिची नोंद ‘न घेणारी’ म्हणूनच राही. हर्नान यांनी प्रत्येक स्त्रीचं घड्याळ तिने गोळी सुरू केली त्या क्षणापासून लावलं आणि पुढे ती सोडो वा न सोडो, तिला त्याच गटात मोजलं. प्रयोगात मोजतात तसं. आकडे बदलले. पहिल्या दोन वर्षांत धोका १.४२ पट आणि एकूण काळात ०.९६ पट. म्हणजे सुरुवातीला वाढीचा कल आणि एकंदरीत जवळजवळ काहीच फरक नाही. १९९१चा तो ०.५६ नाहीसा झाला. माहिती तीच, स्त्रिया त्याच. घड्याळ कुठून सुरू करायचं एवढंच बदललं होतं.

उरलेली तफावत वयातून आली. परिचारिकांनी गोळी साधारण पाळी जाण्याच्या सुमारास सुरू केली होती. प्रयोगातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाहून अधिक वर्षं झालेली. २००७मध्ये प्रयोगाचीच माहिती या नजरेने पाहिली गेली. पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका ०.७६ पट, दहा ते एकोणीस वर्षं झालेल्यांमध्ये १.१०, वीसहून अधिक झालेल्यांमध्ये १.२८. पहिला आकडा फायद्याचा दिसतो, पण त्या गटात घटना इतक्या थोड्या होत्या की, तो योगायोगही असू शकतो. चिठ्ठीच्या प्रयोगाची ही मर्यादा आहे: गोळी काय करते हे तो खात्रीने सांगतो, मात्र ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांच्यापुरतंच. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना त्याच संस्थेच्या दुसऱ्या प्रयोगात नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तिथे हृदयविकार वाढला नाही, स्तनाचा कर्करोगही वाढला नाही; पक्षाघात मात्र वाढला आणि २००४मध्ये तो प्रयोगही थांबवला गेला. ‘हार्मोनच्या गोळ्या वाईट’ असं एकच वाक्य या दोन्ही प्रयोगांतून निघत नाही.

आज साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या स्त्रीला वाफांचा, झोपेचा फार त्रास असेल, तर तिची तब्येत पाहून डॉक्टर ही गोळी देतात. हृदयविकार टाळण्यासाठी देत नाहीत. पन्नाशीत सुरू केली तर हृदयाला खरंच फायदा होतो का, याचा पुरेसा मोठा थेट प्रयोग झालेला नाही. २०१६मध्ये ६४३ स्त्रियांवरचा एक प्रयोग छापून आला. त्यात लवकर सुरू करणाऱ्यांच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला, उशिरा सुरू करणाऱ्यांचा नाही. पण तिथे मोजली गेली ती भिंतीची जाडी, हृदयविकाराचे झटके नव्हेत. कोलेस्टेरॉल सुधारूनही झटके वाढू शकतात हे या गोळीनेच दाखवलेलं असल्यामुळे, जाडीवरून झटक्यांविषयी बोलायला संशोधक धजत नाहीत. झटके मोजायचे तर पन्नाशीतल्या निरोगी स्त्रियांमध्ये ते इतके विरळा असतात की, हजारो स्त्रियांना चिठ्ठीने वाटलेली गोळी पंधरा-वीस वर्षं न सोडता घ्यायला लावावी लागेल. मोठ्या प्रयोगात पाच वर्षांतच गोळीच्या गटातल्या ४२ टक्के आणि प्लासिबोच्या गटातल्या ३८ टक्के स्त्रियांनी आपली गोळी कधी ना कधी सोडली होती.